शुद्ध उच्चार : 10 गुण

पत्र व्हॉट्सॲपवर आलं. शाळेच्या लेटरहेडवर टाइप केलेलं, खाली मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, आणि त्या सगळ्याचा मोबाइलवर काढलेला थोडा तिरका फोटो. जावक क्रमांक आहे, ‘प्रति, मा. कविवर्य’ आहे. विषय : काव्यवाचन स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून उपस्थित राहणेबाबत. तिथपर्यंत कार्यालयीन मराठी. त्यापुढे पत्र लिहिणाऱ्या मॅडमची स्वतःची सुरू होते : ‘मुले कविता छान म्हणतात. कवी मात्र त्यांनी अजून पाहिलेला नाही. पुस्तकातले सगळे कवी वारलेले असतात असे त्यांना वाटते.’

या एका वाक्यासाठी जायला हवं.

शाळा अक्कलकुवा तालुक्यातली आश्रमशाळा. तळोद्याहून अक्कलकुवा, तिथून देवगोईचा घाट चढून मोलगीच्या अलीकडे. ‘अक्कलकुव्याला आमचे सर मोटारसायकल घेऊन थांबतील’ असंही पत्रात आहे. म्हणजे मॅडमनी विचार केलाय. बऱ्याच पत्रांत परीक्षक हवेतून उतरणार असं गृहीत धरलेलं असतं.

*

पत्र पुन्हा वाचलं. स्पर्धक 40. प्रत्येकी वेळ 3 मिनिटं. स्पर्धा 11 ते 1.

चाळीस त्रिक एकशेवीस, म्हणजे बरोबर दोन तास. हिशेब चुकलेला नाही, फक्त त्यात श्वास घ्यायला जागा नाही. एक मूल उतरतं, दुसऱ्याचं नाव पुकारतात, ते रांगेतून वाट काढत येतं, माइक खाली करावा लागतो, ते शाळेचं नाव, वर्ग, कवितेचं नाव सांगतं, आणि परीक्षकाला मागच्याचे पाच रकाने भरायचे असतात. यात सहज एक मिनिट जातं. म्हणजे चाळीस मिनिटं आणखी. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार यांना पाऊण तास. अकराची स्पर्धा अडीचला संपते, आणि शेवटची दहा मुलं भुकेल्या पोरांसमोर आणि घड्याळाकडे बघणाऱ्या परीक्षकासमोर कविता म्हणतात. ती शेवटची दहा बहुधा मोठ्या गटाची असतात, म्हणजे ज्यांनी सगळ्यांत लांब कविता पाठ केलेली असते ती.

मॅडमना कळवलं : आधी वर्गावर्गांत एक फेरी घ्या, माझ्यासमोर 24 मुलं आणा, आणि सत्कार शेवटी ठेवा. शाल-श्रीफळ स्पर्धेआधी घेतलेला परीक्षक तसाही थोडा मिंधा होतो.

*

तारीख आधी 27 फेब्रुवारी होती. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, 1912 सालचा, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या शाळांत कुठेतरी कविता म्हटली जात नाही असा तास नसेल. पण यंदा होळी मार्चच्या पहिल्याच आठवड्यात येते आणि होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. सातपुड्यात तेव्हा शाळेत मूल टिकत नाही, आणि टिकू नये. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं होळीला गावी येतात. आईबाप महिन्यांनी भेटणार असताना पोराला कुसुमाग्रज पाठ करत बसवणं हा कुसुमाग्रजांवरही अन्याय.

मॅडमनीच तारीख आठवडाभर अलीकडे आणली. पत्राची दुरुस्त प्रत पाठवली, नवा जावक क्रमांक टाकून.

*

पत्राच्या तळाशी ‘सोबत : कवितांची यादी’ असं आहे. गुणपत्रिका सोबत नाही. ती मागून घेतली. परीक्षकानं पत्राला उत्तर देताना एवढी एकच गोष्ट मागायला हवी. एरवी ती स्पर्धेच्या दिवशी, खुर्चीवर बसल्यावर, पेनाबरोबर हातात येते. तोवर कोण जिंकणार ते निम्मं ठरून गेलेलं असतं. ठरवतो तो रकाना, आणि तो रकाना कुणी कधी ठरवला ते कुणालाच आठवत नसतं.

आली. पाच रकाने : पाठांतर, शुद्ध उच्चार, आवाजातील चढउतार, हावभाव, एकूण सादरीकरण. प्रत्येकी 10, एकूण 50. जिल्ह्यात कुठेही गेलं तरी थोड्याफार फरकानं हेच असतं.

*

पाठांतराचे 10 गुण हे खरं तर सगळ्यांना मिळणारे गुण आहेत. स्पर्धेला उभं राहिलेल्या मुलाला कविता येतेच. मग तिथं फरक पडतो तो फक्त विसरण्यानं, आणि विसरण्याचे प्रकार वेगळे असतात. मूल थांबलं, आठवलं, पुढं गेलं, तर मी काही कापत नाही. कविता म्हणताना थांबणं हा गुन्हा नाही. बाजूला उभ्या असलेल्या सरांनी शब्द पुरवला तर एक गुण. आख्खं कडवं गळलं आणि मुलाला ते कळलंही नाही, तर मात्र तीन-चार. ते कळलं नाही म्हणजे कडवं अर्थानं धरलेलं नव्हतं, नुसतं चालीवर धरलेलं होतं.

अर्थ कळलाय की नाही हे विचारून पाहता येत नाही, स्पर्धेत तशी सोय नसते. पण ऐकून कळतं. कवितेत पुष्कळदा वाक्य ओळीच्या शेवटी संपत नाही, खालच्या ओळीत उतरून तिथं मध्येच कुठेतरी संपतं. अर्थ कळलेलं मूल तसं खाली उतरतं. न कळलेलं प्रत्येक ओळीच्या टोकाला थांबतं, तिथं आवाज खाली आणतं, आणि पुढची ओळ नव्यानं सुरू करतं. शेवटी प्रश्नचिन्ह असलेली ओळ विधानासारखी म्हटली गेली, तरीही तेच. दोन-तीन कडव्यांत ऐकणाऱ्याला खात्री होते. पण त्यासाठी परीक्षकाला ती कविता आधी नीट माहीत हवी. म्हणून यादी आधी यायला हवी, आणि आल्यावर ती वाचायला हवी. यादीतल्या कविता घरी एकदा मोठ्यानं म्हणून पाहिल्या. बायकोनं आतून विचारलं, ‘स्पर्धेत तुम्ही आहात का?’

*

हावभाव. सूर्य म्हटलं की उजवा हात वर, फुलं म्हटलं की दोन्ही हातांच्या पाकळ्या, आई म्हटलं की हात छातीवर. एकाच शिक्षकांनी बसवलेली सहा मुलं ओळीनं आली की त्याच शब्दाला तोच हात त्याच उंचीवर जातो. मुलाचा दोष नाही. त्याला 10 गुणांसाठी शिकवलंय आणि ते इमानानं शिकलंय.

मॅडमना सुचवलं की हावभावाला 5 ठेवा आणि उरलेले 5 ‘अर्थानुसार थांबणे’ या नावानं द्या. त्यांनी लगेच मान्य केलं. त्यांच्या शाळेत हावभाव शिकवायला वेळच नाही म्हणाल्या.

*

आता दुसरा रकाना, ज्याच्यासाठी ही टिपणं मुळात सुरू केली.

नंदुरबार जिल्ह्यात मूल घरी काय बोलतं? अक्कलकुव्याच्या डोंगरात देहवाली, नोयरी. धडगावकडे पावरी. नवापूरकडे मावची. तापीकाठच्या सपाटीवर गुजरी आणि अहिराणी. पुस्तकातली मराठी बहुतेकांच्या घरी कुणी बोलत नाही. ज्यांच्या घरी ती बोलतात अशी थोडी मुलं असतात : शिक्षकांची, तलाठ्याची, बँकेत बदलून आलेल्यांची. ‘शुद्ध उच्चार’ला त्या मुलाला 9 मिळतात आणि वसतिगृहातल्या मुलाला 5. पन्नासात चार गुणांचं अंतर म्हणजे पहिला आणि सहावा. एकानं त्यासाठी काही केलं नाही, आणि दुसऱ्यानं रात्र रात्र पाठ केलंय.

हे दिसायला वेळ लागतो, कारण गुण देताना तसं काही जाणवत नाही. भिलीच्या कित्येक बोलींत ‘स’ जिथं हवा तिथं ‘ह’ येतो. सात म्हणायचं तर ‘हात’ म्हणतात. खानदेशी बोलणाऱ्याच्या तोंडात ‘ळ’चा ‘य’ होतो. काळा ‘काया’ होतो, डोळा ‘डोया’. हा त्या भाषांचा नेम आहे, जिभेचा आळस नाही. शाळेत आलेलं मूल सहावी-सातवीपर्यंत बरंचसं ‘दुरुस्त’ होतं, पण भरात आलं, कविता अंगात भिनली, की नेमका तेव्हाच तो घरचा उच्चार वर येतो. म्हणजे जिथं ते सगळ्यांत चांगलं म्हणत असतं तिथंच परीक्षकाचं पेन चालतं.

*

आणि त्याच यादीत बहिणाबाई आहेत. सुगरणीच्या घरट्यावरचं गाणं, पुस्तकात असलेलं, सगळ्यांना पाठ असलेलं.

बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. 1880 ते 1951. लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी तोंडात होती आणि ती घरच्यांनी उतरवून घेतली. त्या गेल्यावर 1952 मध्ये मुलगा सोपानदेव यांनी पुस्तक काढलं, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. ती सगळी भाषा खानदेशी, लेवा पाटीदारांच्या घरातली. म्हणजे या रकान्याखाली बहिणाबाईंना स्वतःला उभं केलं, तर 10 पैकी 4.

मुलं मग काय करतात? बहिणाबाईंना शुद्ध करून म्हणतात. शिक्षकच करवून घेतात, गुण जाऊ नयेत म्हणून. ओळीच्या शेवटी बोलीतला ‘य’ असेल आणि मुलानं त्याचा ‘ळ’ केला, तर खालच्या ओळीतल्या मूळच्या ‘य’शी जुळणारं यमक तिथंच तुटतं. ऐकणाऱ्याला कुठेतरी ठेच लागते, पण गुणपत्रिकेत ठेचेला रकाना नाही. शुद्ध उच्चाराला आहे, तो 10 चा भरला जातो.

एक अनुभव असाही आहे, की डोंगरातल्या मुलांना बहिणाबाई शहरातल्या मुलांपेक्षा लवकर येतात. बोली त्यांची नाही, खानदेशी आणि भिली वेगळ्या. पण पुस्तकातल्या भाषेपासून दोन्ही सारख्याच लांब आहेत, हे त्यांना कळतं. शिवाय सुगरण पाहिलेली असते.

*

मॅडमना फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘नाना, तुमचं पटतंय. पण आपण इथं तो रकाना काढला तरी तालुक्याला तो आहेच. आपलं पोर तिथं जाऊन मार खाईल. त्यापेक्षा इथंच सवय झालेली बरी नाही का?’

याला सोपं उत्तर नाही. शाळेतल्या परीक्षकाच्या हातात तालुक्याची गुणपत्रिका नसते. आणि मॅडम जे म्हणतात ते काही कमी प्रेमानं म्हणत नाहीत. हीच मुलं उद्या नोकरीच्या मुलाखतीला बसतील तेव्हा समोरचा माणूस ‘ह’ ऐकून मान हलवेल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या स्वतः नवापूरकडच्या आहेत.

बराच वेळ बोललो. शेवटी रकान्याचं नाव ठेवलं, कारण तो छापील आहे आणि फाइलला लागतो. खाली बारीक अक्षरांत अर्थ लिहिला : ‘शब्द शेवटच्या रांगेतल्या मुलाला स्पष्ट कळणे. शब्द गिळणे, घाईत दोन शब्द एक करणे यासाठी गुण कमी करावेत. बोलीच्या लकबीसाठी कमी करू नयेत. बोलीतली कविता बोलीतच म्हणावी.’ हा कागद दोन्ही परीक्षकांना आणि मुलांना बसवणाऱ्या शिक्षकांना आधी द्यायचा. नुसता परीक्षकांना देऊन उपयोग नाही. मुलाला आधी कळलं तरच ते बहिणाबाई मोडणार नाही.

तालुक्याचं तालुक्याला पाहू, असं ठरलं.

*

पत्रात राहून गेलेली आणखी एक गोष्ट : चाल लावून म्हणायचं की न लावता? ‘काव्यवाचन’ लिहिलंय, पण आश्रमशाळेत कविता पहिलीपासून चालीतच शिकवतात आणि तेच बरोबर आहे. मात्र स्पर्धेत एक मूल गातं आणि दुसरं बोलतं, तेव्हा गाणारं टाळ्या घेऊन जातं. चाल पुष्कळ झाकते. कुठे थांबायचं ते चालच ठरवते, मुलाला ठरवावं लागत नाही. अर्थ न कळताही गोड गाता येतं. गळा देवानं दिलेला असतो, त्याचे गुण कवितेला का?

लहान गटाला चाल मोकळी, मोठ्या दोन गटांना चालीशिवाय, असं कळवलं. पहिली-दुसरीच्या मुलाला चालीशिवाय कविता म्हणायला सांगणं म्हणजे पाण्याशिवाय पोहायला सांगणं.

*

खानदेशातली सगळ्यांत गाजलेली परीक्षा 1907 ची, जळगावची. पहिलं कविसंमेलन. धरणगावकडचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उठला आणि त्यानं स्वतःची कविता म्हटली. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशानं डॉक्टर. त्यांनी ऐकलं आणि त्या मुलाला ‘बालकवी’ म्हटलं. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव मग फक्त चरित्रात उरलं. पुढं अकराच वर्षं मिळाली त्याला. 1918 मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेला, अठ्ठाविसावं चालू होतं.

कीर्तिकरांसमोर रकाने नव्हते. एका शब्दाचा शेरा दिला आणि तो शंभर वर्षांहून जास्त टिकला. पण हेही खरं, की शेरा असा एकदाच जमतो. आणि तिथं उभा राहायला मिळालेला मुलगा शिकलेल्या घरातला होता. ज्या वर्षांत खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पाडले जात होते, त्या वर्षांत सातपुड्यातल्या कुठल्या पोराला जळगावच्या मंडपात कुणी बोलावलं असतं?

*

बोलावण्यावरून वाहरू सोनवणे. शहादा भागातले, भिल्ल समाजातले, श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आलेले कवी. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह 1987 चा. त्यात ‘स्टेज’ नावाची कविता आहे. आदिवासींना स्टेजवर कुणी बोलावलं नाही, खाली बसायची जागा तेवढी दाखवली, आणि त्यांचं दुःख त्यांनाच वरून सांगितलं गेलं, असा तिचा आशय. शाळेच्या पटांगणावर पाच खुर्च्या, टेबलावर चादर आणि पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या पाहिल्या की ती कविता आठवल्याशिवाय राहत नाही.

मॅडमच्या यादीत बालकवी, कुसुमाग्रज, बहिणाबाई, इंदिरा संत आहेत. वाहरू नाहीत. पुस्तकात आहे तेवढीच यादी करता येते, असा त्यांचा समज होता. शाळेच्या अंतर्गत स्पर्धेला यादी शाळेनंच करायची असते. शहाद्याहून ‘गोधड’ची एक प्रत मिळवून पाठवली. मोठ्या गटात दोन मुलांनी त्यातून घेतली. कुठल्या, ते मी विचारलं नाही, ऐकायचंच होतं.

परीक्षकांच्या खुर्च्या मात्र स्टेजवरून उचलून मुलांच्या चौथ्या रांगेत ठेवायला सांगितल्या. यात नम्रता वगैरे काही नाही. स्टेजवर बसलं की मुलाची पाठ दिसते आणि माइकचा आवाज मागून येतो.

*

स्पर्धेचा दिवस. दुसरे परीक्षक शेजारच्या शाळेतले मराठीचे सर, भला माणूस.

पहिल्या मुलाचे गुण पेन्सिलीनं लिहिले. पहिल्याला मोजायला काही नसतं, म्हणून सगळे परीक्षक त्याला मधले गुण देतात आणि ते मूल कितीही चांगलं असलं तरी मध्येच अडकतं. चार मुलं ऐकून झाली की मागे जाऊन पेनानं लिहायचं. सरांनी पाहिलं आणि त्यांनीही खिशातून पेन्सिल काढली.

वीज अर्ध्यात गेली, माइक बंद. तो परत सुरू झाला तेव्हा कुणी मागितला नाही. लहान मुलं माइकसमोर ओरडतात, माइक नसला की बोलतात.

मोठ्या गटात तिघं वर आली. सहावीतली एक मुलगी, बहिणाबाई म्हणणारी. आठवीतला एक मुलगा, हात-पाय-भुवया सगळं वापरणारा, पाठांतर लख्ख. आणि नववीतली एक मुलगी, सरळ, स्वच्छ, थोडी कोरडी.

सरांचे गुण : मुलगा 42, नववीची 41, सहावीची 40. माझे : सहावीची 44, नववीची 40, मुलगा 36. बेरीज : सहावीची 84, नववीची 81, मुलगा 78. गुण मोजणाऱ्या सरांनी निकाल लिहायला घेतला.

थांबवलं. ही बेरीज नीट पाहा. क्रम हुबेहूब माझा आहे. सरांचा क्रम बरोबर उलटा होता आणि त्याचा निकालात मागमूस नाही. कारण सर कुणालाच 38 च्या खाली नेत नाहीत, मुलं खट्टू होतात म्हणून. त्यांचे सगळे गुण 38 ते 42 मध्ये. मी वीसपासून पंचेचाळीसपर्यंत फिरतो. ज्याचे गुण जास्त पसरलेले असतात, बेरजेत त्याचंच चालतं. दोन परीक्षक बसवले आणि निकाल एकाचा लागला, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग गुणांऐवजी क्रमांक लिहिले. मुलगा : सरांचा पहिला, माझा तिसरा, बेरीज 4. सहावीची : तिसरी आणि पहिली, 4. नववीची : दोघांची दुसरी, तीही 4. तिघंही बरोबरीत! मॅडम हसायला लागल्या. पण खरी गोष्ट हीच होती : दोघा परीक्षकांचं अजिबात जुळत नव्हतं. गुणांनी ते झाकलं, क्रमांकांनी उघडं केलं.

तिघांना पुन्हा ऐकलं. वर्गात, माइक नाही, मी आणि सर शेवटच्या बाकावर. सर आधी म्हणाले होते की सहावीची मुलगी ‘म्हणत नाही, बोलते’. आता ऐकून म्हणाले की बोलते खरी, पण सगळं कळतंय. एका ठिकाणी तिचा ‘स’ जवळजवळ ‘ह’ झाला. सरांनी कागदाच्या खालच्या बारीक ओळीकडे पाहिलं आणि काही लिहिलं नाही. मुलगा दुसऱ्यांदाही तंतोतंत तसाच आला, तोच थांबा, तोच हात. सरांना ती तयारी वाटते, मला छापा वाटतो. तिथं आम्ही दोघांनी आपापलं सोडलं नाही.

सरांनी क्रम बदलला : मुलगा, सहावीची, नववीची. माझा होता तोच. आता सहावीची 3, मुलगा 4, नववीची 5. दोघांचीही दुसरी असलेली मुलगी तिसरी गेली. हे तिला कसं समजावणार? मी तिच्या कागदावर लिहिलं, की पहिल्या वेळी तुझी जागा आम्ही दोघांनी वाद न घालता मान्य केली, आणि तुझ्या कवितेत दोन ओळी अशा आहेत जिथं वाक्य खाली उतरतं, तिथं थांबू नकोस. कुठल्या दोन तेही लिहिलं. शेरा लिहायचा तर असा. ‘उत्तम प्रयत्न’ लिहून मुलाला घरी काय घेऊन जाता येतं?

*

बक्षिसं वाटण्याआधी अर्धा तास मोकळा होता. मॅडमनी मुलांना सांगितलं, घरचं काही म्हणा. गुण नाहीत. आधी कुणी उठेना. मग तिसरीतला एक उठला आणि त्यानं होळीचं काहीतरी म्हटलं. मग थांबेचनात.

मला त्यातलं निम्मं कळलं नाही, सरांना थोडं जास्त. पण वसतिगृहातल्या स्वयंपाकीण मावशी दाराशी उभ्या होत्या. एका मुलीचं गाणं चालू असताना त्या मध्येच म्हणाल्या, तिनं मधलं एक कडवं सोडलंय, आणि ते स्वतः म्हणून दाखवलं. मुलगी लाजून ‘हो, हो’ म्हणाली.

पुढच्या वर्षी ही फेरी गुणांसकट ठेवायची असेल तर परीक्षकाचं पत्र मावशींच्या नावानं काढा, असं मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, जावक क्रमांकासह? अर्थातच जावक क्रमांकासह. ‘मा.’ लावून.

*

आठवड्यानं मॅडमचा मेसेज. तालुक्याची गुणपत्रिका आली, रकाने तेच, शुद्ध उच्चार 10. ‘नाना, पहिली आलेली मुलगी पाठवू की मुलगा? मुख्याध्यापक म्हणतात मुलाला तिथं जास्त गुण पडतील.’

पडतील, हे खरं आहे. तरी लिहिलं : मुलीला पाठवा, ती पहिली आहे. तिची कविता बदलू नका आणि बहिणाबाईंचे शब्दही बदलू नका. तालुक्याला नाव सांगताना तिनं एवढंच जोडावं, की ही कविता खानदेशी बोलीत आहे आणि पुस्तकात जशी आहे तशीच मी म्हणते. दोन वाक्यं आहेत, वेळेत बसतात. परीक्षकानं तिथं पुस्तक उघडलं तर गुण कापायला त्याला कारण सापडणार नाही. ‘स’चा सराव करून घ्यायला हरकत नाही, पण कविता थांबवून नको, वेगळा, दुसऱ्या वाक्यांवर. भरात आल्यावर घसरला तर घसरू द्या.

आणि तालुक्याच्या गुणपत्रिकेबद्दल गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक पत्र लिहा, आपली बारीक अक्षरांतली ओळ जोडून. मसुदा पाठवतो. सही तुमची हवी. कवीच्या पत्राला कार्यालयात आवक क्रमांक मिळत नाही.